युकुलेलेची चढी चौथी तार

गिटार वाजवणाऱ्याच्या हातात युकुलेले दिलं की तो बहुधा आधी डी कॉर्ड धरतो, तीन बोटांचा तो छोटा त्रिकोण. बोटं बरोबर पडतात, वाद्यही सुरात असतं, पण कानावर येतं ते ओळखीचं वाटत नाही. युकुलेलेवर या आकाराला जी कॉर्ड म्हणतात, असं त्याला सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण आवाज वेगळा का लागतो याचं उत्तर नावात नाही.

गिटारच्या खालच्या चार तारा डी, जी, बी, ई अशा लावतात. पाचव्या फ्रेटवर कॅपो लावला की त्यांचे स्वर जी, सी, ई, ए होतात. युकुलेलेच्या तारांचीही नेमकी हीच नावं आहेत. हार्मोनियमच्या पांढरी एकला सा मानलं, तर हे स्वर प, सा, ग, ध. फरक फक्त चौथ्या तारेत आहे, म्हणजे वाजवताना छताकडे असते त्या तारेत. कॅपो लावलेल्या गिटारवर तिचा पंचम मंद्र सप्तकातला असतो; युकुलेलेवर तो मध्य सप्तकातला, सा आणि ग यांच्याही वरचा असतो. तारा क्रमाने चढत न जाता मध्येच उलट्या वळतात, म्हणून या पद्धतीला री-एन्ट्रंट ट्यूनिंग म्हणतात. आपला तंबोराही याच जातीचा: आधी मंद्र पंचम, मग जोडीचे दोन षड्ज, आणि शेवटी पहिल्या तारेच्याही खाली उतरणारा खर्ज.

आता तो त्रिकोण पुन्हा धरू. चौथी तार मोकळी, तिसरी दुसऱ्या फ्रेटवर, दुसरी तिसऱ्यावर आणि पहिली दुसऱ्यावर. कॅपो लावलेल्या गिटारवर खालून वर ऐकू येतं मंद्र प, रे, प, नी. तळाशी पंचम आहे आणि कॉर्डही पंचमाचीच, म्हणून ती पाय रोवून उभी राहते. युकुलेलेवर हाच आकार प, रे, प, नी देतो, पण दोन्ही पंचम एकाच उंचीचे असतात. मोकळी चौथी तार आणि दाबलेली दुसरी तार एकच स्वर बोलतात. तळाशी उरतो रिषभ. सगळी कॉर्ड मध्य सप्तकातल्या रे ते नी एवढ्या जागेत दाटीने बसते. तो हलका, चमकदार आवाज मुख्यतः या दाटीतून आणि तळ बदलल्यामुळे येतो.

मात्र तळ दर वेळी निसटतोच असं नाही. युकुलेलेची सी कॉर्ड फक्त पहिल्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटला एक बोट ठेवून वाजते: प, सा, ग, तार सा. इथे सर्वांत खालचा स्वर षड्ज आहे, म्हणून कॉर्ड पक्की वाटते. कॅपो लावलेल्या गिटारवर हाच आकार धरला, तर मंद्र पंचम तळाशी येतो आणि तीच कॉर्ड अधांतरी लागते. प्रत्येक आकाराचा तळ असा कानाने तपासावा लागतो. गिटारवरचा अंदाज इथे चालत नाही.

स्ट्रमिंगमध्येही फरक पडतो. गिटारवर हात खाली नेला की जड स्वरापासून तीव्र स्वराकडे प्रवास होतो. युकुलेलेवर दोन्ही कडांना उंच स्वर असल्याने खालचा आणि वरचा फटकारा जवळजवळ सारखा वाजतो.

1879 मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजाने होनोलुलूला आलेल्या लोकांमध्ये मॅन्युएल नुनेश, आउगुश्तू दियश आणि जुझे दु इस्पिरितु सांतु हे तीन सुतारकाम करणारे कारागीर होते. युकुलेलेचा आकार मदेराच्या माशेत या छोट्या वाद्यावरून आला, तर तारांची जुळणी तिथल्याच पाच तारांच्या राझाँव या वाद्यावरून.

चौथी तार एक सप्तक खाली लावण्याचीही पद्धत आहे, तिला लो-जी म्हणतात. पण त्यासाठी आहे तीच तार सैल करून भागत नाही. सप्तकभर उतरवलेल्या तारेवरचा ताण चौथ्या हिश्श्यावर येतो, ती लोंबते आणि फ्रेटवर खडखडते. त्यासाठी जाड किंवा गुंडाळलेली तार घ्यावी लागते, आणि ती नटच्या खाचेत बसत नसेल तर खाच रुंद करून घ्यावी लागते. उलट लो-जीची तार चढ्या जीपर्यंत ताणू नये, ती तुटते. बरेच क्लिप-ट्यूनर केवळ G एवढंच अक्षर दाखवतात, सप्तक दाखवत नाहीत, म्हणून खात्री कानानेच करायची: मोकळी चौथी तार मोकळ्या तिसरीपेक्षा उंच वाजली, तर जुळणी री-एन्ट्रंट आहे.

गाण्याला साथ करायची असेल तर चढी जी ठेवावी, ती गायकाच्या आवाजाखाली गर्दी करत नाही. एकट्याने धून वाजवायची असेल आणि ती सा च्या खाली उतरत असेल, तर लो-जी घ्यावी, म्हणजे मंद्र प, ध, नी हाताशी येतात. आणि गिटारचेच स्वर हवे असतील तर बॅरिटोन युकुलेले घ्यावं. त्याच्या तारा गिटारच्या खालच्या चार तारांसारख्याच डी, जी, बी, ई लावतात.