पाळी लांबते तेव्हा अंडाशयात काय चाललेलं असतं

समजा, 22 वर्षांची एक मुलगी आहे. पहिली पाळी 13व्या वर्षी आली. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तारखा मागेपुढे होत राहिल्या, पण त्या वयात तसं होतंच. नंतरही मात्र त्या स्थिरावल्या नाहीत. कधी 45 दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. गेल्या वर्षी तर तीन महिने काहीच नाही आणि मग दहा दिवस इतकं अंगावर गेलं की रात्री उठून पॅड बदलावं लागे. जबड्याच्या कडेने आतून ठणकणारी मुरमं येतात. हनुवटीखाली जाड काळे केस येतात, त्यासाठी दर आठवड्याला थ्रेडिंग. वजन बेताचंच. घरात प्रत्येक तक्रारीचा उपाय वेगळा: पाळीसाठी काढा, मुरमांसाठी क्रीम, केसांसाठी पार्लर. आणि ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होतं’ हा मावशीचा दिलासा.

या तिन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून निघतात, हे तिला कुणीतरी नीट बसवून सांगायला हवं.

आधी नेहमीचा महिना पाहू. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस जीएनआरएच नावाचं संप्रेरक सलग सोडत नाही, ठोक्याठोक्याने सोडतो. त्या ठोक्यांनुसार पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं रक्तात पाठवते. ठोके जलद पडले तर एलएच जास्त बनतं, संथ पडले तर एफएसएचला वाव मिळतो. एफएसएचच्या जोरावर अंडाशयातल्या अनेक छोट्या फॉलिकलांपैकी एक पुढे निघतो, दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढतो आणि फुटून बीज बाहेर पडतं. फुटलेल्या त्या जागेतून प्रोजेस्टेरॉन तयार होतं. ते गर्भाशयाचं अस्तर पक्कं करतं आणि मेंदूतले ठोके संथ करतं. गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते.

आता आपल्या मुलीकडे वळू. तिच्या मेंदूतले ठोके जलदच राहतात. त्यामुळे एलएच चढं, एफएसएच तुलनेने कमी. फॉलिकलच्या भिंतीत दोन थर असतात. बाहेरच्या थरातल्या थीका पेशी एलएचच्या हुकुमावरून अँड्रोजन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली संप्रेरकं बनवतात. आतल्या थरातल्या पेशी एफएसएचच्या मदतीने त्याच अँड्रोजनचं इस्ट्रोजेन करतात. प्रत्येक बाईच्या अंडाशयात अँड्रोजन बनतंच. त्यात विकृत काही नाही. इथे बिघडतो तो मेळ. बाहेरचा थर भरमसाट माल पुढे सरकवतो आणि आतल्या थराला तो सगळा उरकत नाही. उरलेलं अँड्रोजन रक्तात उतरतं. फॉलिकलही 2 ते 9 मिलिमीटरवर अडकतात. कुणीच पुढे निघत नाही. बीज बाहेर पडत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. प्रोजेस्टेरॉन नाही, म्हणून ठोके संथ करणारं कुणी नाही. शिवाय अँड्रोजन जास्त असलं की मेंदूला प्रोजेस्टेरॉनचा इशारा कमीच ऐकू येतो. चक्र असं स्वतःलाच रेटत राहतं.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘अनेक सिस्ट’ वाचून आई घाबरते, तिला वाटतं गाठी झाल्या, ऑपरेशन करावं लागणार. ते अर्धवट वाढून थांबलेले फॉलिकलच असतात. काढून टाकण्यासारखं तिथे काही नसतं.

या चक्राला दुसरीकडून बळ देतं ते इन्सुलिन. अनेक मुलींमध्ये, अगदी सडपातळ मुलींमध्येही, स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. पण अंडाशय मात्र त्याला पुरेपूर दाद देतं! थीका पेशींवर एलएच आणि इन्सुलिन मिळून काम करतात आणि अँड्रोजन आणखी वाढतं. यकृतातही एक गोष्ट घडते. टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं एसएचबीजी हे प्रथिन यकृत बनवतं, आणि इन्सुलिन वाढलं की ते कमी बनतं. बांधलेलं टेस्टोस्टेरॉन निष्क्रिय, मोकळं तेवढं कामाचं. म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉन थोडंसंच वाढलेलं असूनही चेहऱ्यावर परिणाम ठळक दिसतो. मानेच्या मागे न घासून निघणारा, मखमलीसारखा काळपट पट्टा दिसला तर तो मळ नव्हे. वाढलेल्या इन्सुलिनची ती खूण असते. त्यावरून मुलीला बोलणं थांबवावं.

हे मोकळं टेस्टोस्टेरॉन त्वचेत पोचलं की तिथे त्याचं आणखी जहाल रूप तयार होतं. ते हनुवटी, वरचा ओठ, बेंबीखालची जागा इथली मऊ लव जाड काळ्या केसात बदलतं आणि तेलग्रंथींना जास्त तेल सोडायला लावतं. एकदा जाड झालेला केस गोळ्यांनी लगेच परत लव होत नाही. केसाचं वाढीचं चक्रच महिनोन्‌महिन्यांचं असतं. म्हणून औषधाचा केसांवरचा परिणाम निदान सहा महिन्यांनी तपासायचा. मुरमं त्याआधी कमी होतात. दोन महिन्यांत ‘गुण नाही’ म्हणून औषध सोडणाऱ्या मुली बऱ्याच असतात, त्यांना हे आधीच सांगायला हवं.

या आजाराच्या, म्हणजे पीसीओएसच्या, निदानासाठी तीन गोष्टी पाहतात: पाळीची अनियमितता, अँड्रोजन वाढल्याची खूण अंगावर किंवा रक्तात, आणि सोनोग्राफीतलं अंडाशय. तीनपैकी दोन पुरतात, पण दुसरी कारणं वगळल्यावरच. आपल्या मुलीची थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनची तपासणी ठीक आली, 17-ओएच प्रोजेस्टेरॉनही ठीक, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात दोष नाही. पहिल्या दोन खुणा तिच्यात आहेतच, त्यामुळे सोनोग्राफी अडून बसण्याइतकी गरजेची नाही. केली तर अविवाहित मुलींची सहसा पोटावरून, लघवी साठवून करतात. त्यात फॉलिकल मोजणं अवघड, म्हणून अंडाशयाचं आकारमान 10 मिलिलिटर किंवा जास्त आहे का, हे पाहतात. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांच्या आत या सोनोग्राफीवर निदान करू नये, कारण त्या वयात निरोगी मुलींचंही अंडाशय असंच दिसतं. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज जाड झाला, तर मात्र हा आजार समजून थांबू नये. अँड्रोजन बनवणारी गाठ आहे का, हे तातडीने पाहावं लागतं.

तिचे ते दहा दिवस आता उलगडतात. इस्ट्रोजेन चालू, प्रोजेस्टेरॉन नाही, म्हणून अस्तर तीन महिने नुसतं जाड होत गेलं आणि मग तुकड्यातुकड्यांनी पडत राहिलं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर अस्तराच्या पेशी बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणून मूल नको असलं तरी, पाळीचा त्रास वाटत नसला तरी, 90 दिवसांहून जास्त लांबू देऊ नये.

डॉक्टर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची एकत्र गोळी देतात, तेव्हा घरात ‘लग्नाआधी कुटुंबनियोजनाची गोळी?’ असा गहजब होतो. ही गोळी इथे चक्रात दोन ठिकाणी हात घालते: तिच्यातलं प्रोजेस्टिन एलएच दाबतं, आणि इस्ट्रोजेन यकृताकडून एसएचबीजी वाढवून घेतं. अस्तरालाही दर महिन्याला संरक्षण मिळतं. चमकणाऱ्या रेषा दिसून मग डोकं दुखणारी अर्धशिशी असेल किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, तर आधी सांगावं. तेव्हा दुसरा मार्ग घेतात. मेटफॉर्मिन इन्सुलिनच्या बाजूने काम करतं. केसांवर त्याचा प्रभाव कमी. वजन जास्त असेल तर ते शंभरातले पाच किलो उतरलं तरी काहींची पाळी आपसूक येऊ लागते. आपल्या मुलीचं वजन बेताचं, तिला उपाशी ठेवून काही साधणार नाही. स्नायूंना काम देणारा व्यायाम मात्र इन्सुलिनची दाद सुधारतो.

गोळी थांबवली की पाळी पुन्हा लांबू शकते, कारण गोळीने चक्र रोखलेलं असतं, मोडलेलं नसतं. पुढे मूल हवं झालं की लेट्रोझोलसारखं औषध थोडे दिवस इस्ट्रोजेन कमी करून पिट्युटरीला एफएसएच वाढवायला लावतं, आणि अडकलेल्या फॉलिकलांपैकी एक पुढे निघतो. तोवर दर एक ते तीन वर्षांनी साखरेची तपासणी करावी. ती शक्यतो 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली असावी, कारण उपाशीपोटीची साखर अनेकदा ठीक येते आणि दोन तासांनंतरची चढलेली असते.