डिकपलिंग कपॅसिटर आणि ग्राउंडची वाट

एका बोर्डावर मायक्रोकंट्रोलर आणि तापमान मोजणारा १२ बिटांचा एडीसी आहे. ३.३ व्होल्टच्या संदर्भावर एडीसीची एक पायरी साधारण ०.८ मिलिव्होल्टची. चिपमधले ट्रान्झिस्टर पालटतात तेव्हा १० मिलिअँपिअर प्रवाह एका नॅनोसेकंदात लागतो, असे धरू. तो जवळच्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने पुरवायचा असतो. तांब्याच्या रेघेचे इंडक्टन्स ढोबळमानाने दर मिलिमीटरला १ नॅनोहेन्री. म्हणून कपॅसिटर २० मिलिमीटर दूर असेल तर पुरवठा ०.२ व्होल्टने डचमळतो, २ मिलिमीटरवर ०.०२ व्होल्टने. कपॅसिटर पिनला खेटूनच हवा आणि त्याचा ग्राउंडचा व्हायाही लगतच.

परतीची वाट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वेगवान सिग्नलचा प्रवाह ग्राउंडच्या थरातून रेघेच्या बरोबर खालून परततो. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड वेगळे करायला थरात चीर पाडली आणि क्लॉकची रेघ तिच्यावरून नेली, की परतणारा प्रवाह चिरेला वळसा घालतो आणि अनेकदा एडीसीखालूनच जातो. माझ्या मते अशा बोर्डावर थर अखंड ठेवून भाग वेगळ्या बाजूंना मांडणेच बरे.

शंका असल्यास एडीसीचे इनपुट त्याच्या ग्राउंडला जोडा. क्लॉक सुरू होताच आकडे नाचू लागले, तर दोष सेन्सरचा नाही.