मधल्या रेघेचं घड्याळ

१४ जुलै २०१९. लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटचं षटक. इंग्लंडला तीन चेंडूंत नऊ धावा हव्या आहेत. बेन स्टोक्सने डीप मिडविकेटला फटका मारला आणि दुसऱ्या धावेसाठी तो परत फिरला. मार्टिन गप्टिलने चेंडू फेकला. सूर मारणाऱ्या स्टोक्सच्या बॅटला लागून तो सीमेपार गेला. पंच कुमार धर्मसेना यांनी सहा धावा दिल्या: पळालेल्या दोन आणि ओव्हरथ्रोच्या चार.

वाद झाला तो नियम १९.८ वरून. क्षेत्ररक्षकाने चेंडू फेकला त्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं असेल, तरच ती अर्धवट धाव धरायची, असं हा नियम सांगतो. गप्टिलच्या हातून चेंडू सुटला तेव्हा स्टोक्स आणि आदिल रशीद यांनी दुसऱ्या धावेत एकमेकांना ओलांडलं नव्हतं. म्हणजे पाच धावा, आणि पुढच्या चेंडूला समोर रशीद. टीव्हीवर रीप्ले पाहिल्यावर चूक दिसते, मैदानात ती सोय नव्हती, हे धर्मसेना यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं.

इथे पंचाला दोन जागा एकाच क्षणी पाहायच्या होत्या: सीमेजवळचा एक हात आणि खेळपट्टीवरचे दोन फलंदाज. माणसाच्या डोळ्यांना हे झेपत नाही. पडदा दुभंगून दोन चित्रं शेजारी लावायची, म्हणजेच स्प्लिट स्क्रीन करायचा, तो यासाठी. ही युक्ती सिनेमाइतकीच जुनी. १९१३ सालच्या ‘सस्पेन्स’ या मूकपटात लोइस वेबरने पडद्याचे तीन त्रिकोणी तुकडे केले: घरात शिरणारा भटक्या, फोनवर घाबरलेली बायको आणि पलीकडे फोन कानाला लावलेला नवरा. तिन्ही गोष्टी आत्ता, एकाच वेळी घडताहेत, हे प्रेक्षकाला कुणी सांगावं लागलं नाही. चित्रं शेजारी आली की माणूस ती एकाच वेळची धरून चालतो.

खेळाच्या चित्रफिती जुळवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यातून एवढं पक्कं झालं की दोन चित्रांमधली रेघ म्हणजे एक घड्याळ असतं. ते कुणी, कशावरून लावलं, हे विचारल्याशिवाय शेजारच्या चित्रांवर विश्वास ठेवू नये.

एक क्षण, दोन जागा

मोठ्या सामन्याच्या प्रक्षेपणात हे घड्याळ यंत्रच लावतं. सगळ्या कॅमेऱ्यांना एकच विद्युत ठोका पोचवला जातो, त्याला जेनलॉक म्हणतात. लेहऱ्यावर सगळे साथीदार समेवर यावेत, तशी प्रत्येक कॅमेऱ्याची फ्रेम त्या ठोक्यावर सुरू होते. शिवाय प्रत्येक फ्रेमवर टाइमकोड असतो: तास, मिनिट, सेकंद आणि त्या सेकंदातली कितवी फ्रेम. सारख्या आकड्याच्या दोन फ्रेम शेजारी ठेवल्या की काम झालं.

सेकंदाला ५० फ्रेम धरल्या तर एक फ्रेम २० मिलिसेकंदांची. जोरात पळणारा फलंदाज सेकंदाला साडेसहा मीटर जातो असं धरलं, तर एका फ्रेममध्ये तो १३ सेंटिमीटर सरकतो. दोन फलंदाज समोरासमोरून येत असतील तर त्यांच्यातलं अंतर फ्रेममागे २६ सेंटिमीटरने घटतं. जुळवणीत दोन फ्रेमची चूक झाली की अर्धा मीटर गेला, आणि ‘ओलांडलं की नाही’ याचं उत्तर पालटू शकतं.

२०२४ च्या आयपीएलमध्ये स्मार्ट रीप्ले सिस्टिम आली ती याच गरजेतून. हॉक-आयचे दोन तंत्रज्ञ तिसऱ्या पंचाच्या खोलीतच बसू लागले. आधी पंचाला हवं ते दृश्य प्रक्षेपणाच्या दिग्दर्शकाकडून यायचं, आता ते थेट मिळतं. सीमारेषेवरच्या झेलात एका बाजूला क्षेत्ररक्षकाचे पाय आणि दुसऱ्या बाजूला त्याच क्षणीचे हात, असं जोडचित्र पंचाला मागता येतं.

गल्लीतल्या किंवा अकादमीतल्या सामन्यात असा ठोका नसतो. दोन पालकांचे दोन फोन असतात आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. एडिटिंगची बहुतेक सॉफ्टवेअर दोन चित्रफिती आवाजावरून जुळवून देतात, आणि लोक तिथेच फसतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक फोन यष्टींपाशी आणि दुसरा ६८ मीटरवर सीमेबाहेर असेल, तर बॅटचा ‘टक’ दुसऱ्या फोनला ०.२ सेकंद उशिरा ऐकू येतो. आवाज तंतोतंत जुळतात, चित्रं मात्र सहा फ्रेमनी चुकतात, कारण असे फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेम टिपतात. म्हणून मैदानावर आवाजावर भिस्त ठेवू नये. दोन्ही फोनना दिसलेली एखादी झटक्याची घटना धरावी: चेंडू बॅटला लागला ती फ्रेम, किंवा बेल उडाली ती. एक घटना सुरुवातीची आणि एक शेवटची तपासावी. सुरुवातीला जुळलेली चित्रं शेवटी फाकली असतील, तर एखाद्या फोनने फ्रेमचा वेग मधेच कमीजास्त केला आहे असं समजावं. अंधार पडू लागला की फोन असं करतात. अशी फीत आधी एकसारख्या वेगाची करून घ्यावी, मगच शेजारी लावावी.

एक जागा, दोन वेळा

तुलनेची गोष्ट निराळी. एका अकादमीतले प्रशिक्षक माझ्याकडे त्यांच्या वेगवान गोलंदाजाच्या दोन फिती घेऊन आले. एक जूनमधली, एक ऑक्टोबरमधली, दोन्ही फिती बाजूने घेतलेल्या. “मुलगा मंदावलाय,” ते म्हणाले. “शेजारी लावून बघा, हात उशिरा येतो.” त्यांनी स्वतः लावूनही आणल्या होत्या, आणि खरंच उजवीकडचा मुलगा मागे पडत होता.

त्यांनी दोन्ही फिती धावण्याच्या पहिल्या पावलापासून सुरू केल्या होत्या. जूनमध्ये मुलगा ३.२ सेकंदांत क्रीजवर पोचत होता, ऑक्टोबरमध्ये ३.५. पळण्यातला ०.३ सेकंदाचा फरक तसाच पुढे सरकत गेला आणि शेवटी हाताच्या माथी आला. इथे दोन क्षण मुळात एकवेळचे नव्हतेच, ते आपण एकवेळचे ठरवतो. कुठल्या घटनेवर फिती बांधायच्या हे ठरवलं, की काय वेगळं दिसणार तेही ठरतं. हाताबद्दल प्रश्न असेल तर पुढचा पाय टेकतो ती फ्रेम धरायला हवी.

तसं केल्यावर दुसरा घोळ दिसला. जूनच्या फितीत पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत तीन फ्रेम, ऑक्टोबरच्या फितीत सहा. सर म्हणाले, “बघा, दुप्पट!” पण जूनचा फोन सेकंदाला ३० फ्रेम टिपत होता आणि ऑक्टोबरचा ६०. दोन्हीकडे तोच दशांश सेकंद. शिवाय ३० च्या फितीत एक फ्रेम इकडेतिकडे झाली तरी ३३ मिलिसेकंद, म्हणजे मोजायच्या वेळेचा तिसरा हिस्सा चुकतो. अशा फितीवरून हाताच्या वेगाबद्दल काहीच बोलता येत नाही, फक्त शरीर कुठे कसं होतं ते दिसतं.

मग आकार. जूनचा फोन लांब होता, ऑक्टोबरचा जवळ, त्यामुळे उजवीकडची उडी उंच वाटत होती. क्रिकेटमध्ये मोजपट्टी रोवलेलीच असते: यष्टींची उंची ७१ सेंटिमीटर. एका चित्रात त्या १२० पिक्सेल भरल्या, दुसऱ्यात १५०. दुसरं चित्र ८० टक्क्यांवर आणलं आणि उडीतला फरक नाहीसा झाला. गोलंदाज यष्टींच्या थोडा अलीकडून किंवा पलीकडून जातो, म्हणून ही मोजपट्टीही तंतोतंत नाही. पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरी.

शेवटी मांडणी. आडव्या पडद्याचे उजवे-डावे दोन भाग केले की प्रत्येकाला ९६० बाय १०८० ची उभी पट्टी मिळते. मूळ चित्राची निम्मी रुंदी कापावी लागते, आणि बाजूने पळत येणारा गोलंदाज पट्टीत शिरतो न शिरतो तोच बाहेर पडतो. म्हणून मी पडदा आडवा कापला, जून वर आणि ऑक्टोबर खाली, प्रत्येकी १९२० बाय ५४०. आमच्या मापात हात वर केलेला मुलगा चारशे पिक्सेलच्या आसपास भरत होता, तो सहज मावला. पाय टेकण्याची जागा दोन्हीकडे एकाच उभ्या ओळीत आणली आणि त्या ओळीवर एक बारीक रेघ ओढली. खालच्या चित्रात पुढचा गुडघा रेघेच्या पुढे झुकलेला दिसला. वरच्यात तो ताठ होता.

सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे हात नाही, गुडघा?” मी म्हटलं, तेही एवढ्यावरून नका ठरवू. एकाच चेंडूची फीत आहे, आणि दोन्ही कॅमेरे सारख्या कोनात नव्हते.

खेळ आणि चेहरा

तिसरा प्रकार म्हणजे मुख्य चित्राच्या कोपऱ्यात पाहणाऱ्याचा चेहरा, ज्याला पिक्चर-इन-पिक्चर म्हणतात. शेवटचं षटक बघणारे आजोबा आणि कोपऱ्यात त्यांची तगमग, अशा फिती घरोघरी तयार होतात. इथे मैदानावरचा नियम उलटा होतो. आजोबांचं चित्रण करणारा फोन टीव्हीपासून तीन मीटरवर असेल तर आवाजाला जेमतेम ९ मिलिसेकंद लागतात. तेव्हा आवाजावरून बिनदिक्कत जुळवावं.

गोची त्या आवाजाचीच होते. फोनमध्ये आजोबांबरोबर टीव्हीचं समालोचनही शिरलेलं असतं. त्याच्या जोडीला मूळ समालोचनही वाजवलं, तर दोन आवाज किंचित पुढेमागे होऊन डब्यात बोलल्यासारखे ऐकू येतात. एक तर खोलीतला आवाज ठेवावा आणि मूळचा बंद करावा, नाहीतर चित्रणाच्या वेळीच पाहणाऱ्याला हेडफोन द्यावा.

जुळवणी तपासायची एक सोपी खूण आहे. काही अनपेक्षित दिसल्यावर माणसाचा चेहरा बदलायला साधारण ०.२ सेकंद लागतात. यष्टी उडायच्या आधीच आजोबांच्या भुवया वर गेल्या, तर फीत चुकली. उंच झेल खाली येताना माणूस आधीच हबकतो, म्हणून ही परीक्षा अशा चेंडूवर घेऊ नये. अचानक उडालेल्या यष्टीवर घ्यावी.

चौकट रुंदीच्या चौथाईत, म्हणजे ४८० बाय २७० मध्ये, चांगली बसते. क्रिकेटमध्ये खालची पट्टी धावफलकाची, म्हणून ती वरच्या कोपऱ्यात ठेवावी, कडेपासून थोडी आत. उजव्या कोपऱ्यात ठेवली तर आजोबांची नजर डावीकडे, खेळाकडे वळलेली हवी. ते पडद्याबाहेर बघत असतील तर ते दुसरंच काहीतरी पाहताहेत असं वाटतं, मग घड्याळ कितीही बरोबर लावलेलं असो.

पुन्हा अकादमीत

त्या मुलाचं चित्रण आम्ही नव्याने केलं. तिवई क्रीजच्या रेषेत ठेवली आणि तिच्या तिन्ही पायांखाली जमिनीवर चुन्याच्या खुणा केल्या. फोन सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवला. पहिल्या आणि सहाव्या षटकाचे सगळे चेंडू घेतले, आणि दोन्ही षटकांतल्या जोड्या पुढचा पाय टेकण्यावर बांधल्या. चेंडू सुटायला पहिल्या षटकात २४ फ्रेम लागत होत्या, सहाव्यात २५ किंवा २६. म्हणजे हात फारसा मंदावला नव्हता. गुडघा मात्र सहाव्या षटकात प्रत्येक चेंडूला आधी वाकत होता.

सरांनी जूनची फीत फोनमधून काढून टाकली नाही. तिच्या नावापुढे फक्त ‘३० फ्रेम, हातासाठी नाही’ असं लिहून ठेवलं. चुन्याच्या खुणा अजून तिथे आहेत. पाऊस पडला की मुलं त्या पुन्हा आखतात.