दहा स्लाइड आणि शंभर पानांचा टोनर

जानेवारी उजाडला की शाळेच्या संगणक कक्षातल्या प्रिंटरला उसंत नसते. प्रकल्प, सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, पालकांना पाठवायच्या सूचना, सगळा भार एकाच यंत्रावर. कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत याच दिवसांत संगणकाच्या बाईंनी नववीचा वर्ग प्रिंटरभोवती उभा केला आणि दहा-बारा मिनिटं त्या बोलल्या. 'झाडं वाचवा' हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. त्यांनी टेबलावर दोन छापील पानं ठेवली होती आणि मुलांना एवढंच विचारलं, "यातलं महाग पान कोणतं?"

एक पान मराठीच्या निबंधाचं होतं. दुसरं सूर्यमालेवरच्या प्रकल्पाचं: काळंभोर आकाश, त्यात ग्रह आणि पांढऱ्या अक्षरांत नावं. मुलांना उत्तर दिसत होतं, पण किती महाग, हे कुणालाच सांगता येईना.

शाळांमध्ये बहुतेक वेळा काळ्या छपाईचा छोटा लेझर प्रिंटर असतो. कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा लेझरजेट १०२० ही यंत्रं शाळांपासून झेरॉक्सच्या दुकानांपर्यंत वर्षानुवर्षं दिसत आली आहेत. त्यांत पातळ शाई नसतेच. कार्ट्रिजमध्ये टोनर असतो, म्हणजे प्लास्टिकची अतिशय बारीक काळी पूड. ती विजेच्या भाराने कागदावर बसते आणि तापलेल्या रुळांमधून जाताना वितळून चिकटते. नुकतं बाहेर पडलेलं पान हाताला गरम लागतं ते म्हणूनच.

या दोन्ही यंत्रांच्या मूळ कार्ट्रिजमधून साधारण २००० पानं निघतात, असं कंपन्या सांगतात. त्यातली मेख अशी की हा हिशेब पानाचा फक्त पाच टक्के भाग काळा होईल असं धरून केलेला असतो. पाच टक्के म्हणजे किती? ए-फोर पानावरची सगळी अक्षरं खरवडून एका कोपऱ्यात गोळा केली, तर साधारण साडेपाच सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन भरेल. बाईंनी तो चौकोन कोऱ्या कागदावर पेन्सिलीने आखून दाखवला आणि शेजारी सूर्यमालेचं पान ठेवलं.

आता पुढचा हिशेब मुलांनीच फळ्यावर मांडला. त्या पानाचा अर्धा भाग काळा धरला तरी पन्नास टक्के, म्हणजे निबंधाच्या दहा पानांइतका टोनर एका पानाला. प्रकल्पात स्लाइड दहा. म्हणजे एका प्रकल्पाला शंभर पानांची पूड! असे वीस प्रकल्प छापले की अख्खं कार्ट्रिज रिकामं. वर्गात चाळीस मुलं असली तर दोन कार्ट्रिज, आणि तीही इतर कशाचीही एक ओळ न छापता. शिवाय एवढा मोठा काळा भाग छोट्या प्रिंटरवर एकसारखा उमटत नाही. मध्येच करड्या पट्ट्या येतात आणि पान गुंडाळल्यासारखं वळतं. पैसे जास्त आणि पान वाईट, असा दुहेरी तोटा.

"मग बाई, काळं आकाश काढूनच टाकायचं का?" एकीने विचारलं.

फाइलमधून काढायची गरज नाही. पॉवरपॉइंटमध्ये Ctrl+P दाबल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात रंगाच्या पर्यायांत Pure Black and White असं असतं. ते निवडलं की पार्श्वभूमीचा रंग छापला जात नाही आणि पांढरी अक्षरं काळी होऊन येतात. तिथेच Handouts मधून एका पानावर दोन स्लाइड घेता येतात, म्हणजे दहा पानांची पाच होतात. एक अडचण मात्र आहे. काही मुलं इंटरनेटवरून उतरवलेलं आकाशाचं चित्र पूर्ण स्लाइडभर चिकटवतात. ते चित्र प्रिंटरच्या लेखी ग्रहांसारखंच एक चित्र असतं, त्यामुळे या पर्यायाने ते जात नाही. ते हातानेच पुसावं लागतं. ते गेलं की नाही हे त्याच खिडकीत उजवीकडे दिसणाऱ्या पानाच्या नमुन्यात कळतं, फक्त छापायच्या आधी तिकडे नजर टाकायला हवी.

ही नजर टाकायची सवय मोठ्यांनाही नसते. एक्सेलमधलं निकालपत्रक छापलं की शेवटचा 'शेरा' हा रकाना तेवढा दुसऱ्या पानावर जाऊन बसतो, आणि चाळीस मुलांच्या यादीमागे एकेका शब्दाचं एकेक पान निघतं. Fit All Columns on One Page हा पर्याय तिथेच असतो. हे उदाहरण बाईंनी शिक्षक खोलीतलं म्हणून सांगितलं, तेव्हा वर्ग खूश झाला.

मुलांच्या हातून सगळ्यात जास्त कागद वाया जातो तो उतावीळपणाने. ट्रेमधला कागद संपलेला असतो किंवा प्रिंटरचं बटणच बंद असतं. मुलगा प्रिंट देतो, काही येत नाही, म्हणून पुन्हा देतो, मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. संगणक मात्र प्रत्येक हुकूम रांगेत लावून ठेवतो. कुणीतरी कागद भरतं आणि बारा पानांच्या प्रकल्पाच्या चार प्रती धडाधड बाहेर पडू लागतात. घाबरून प्रिंटर बंद केला तर आत अडकलेलं पान फाटतं, आणि पुन्हा चालू केल्यावर उरलेली रांग बहुधा जागच्या जागीच असते. यावर बाईंचा नियम साधा होता. पहिल्या वेळी पान आलं नाही तर दुसऱ्यांदा प्रिंट द्यायचं नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या प्रिंटरच्या चिन्हावर टिचकी मारून रांग बघायची. आपलं नाव तिथे असेल तर दोष संगणकात नाही, कागद आणि बटण तपासायचं.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने मध्येच फाँटचा विषय काढला. बारीक फाँट वापरला की शाई वाचते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याचं म्हणणं निराधार नव्हतं. २०१४ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळचा सुवीर मीरचंदानी हा चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा याच प्रयोगामुळे जगभर गाजला होता. शाळेत वाटल्या जाणाऱ्या कागदांपासूनच त्याने सुरुवात केली. नेहमी येणारी इंग्रजी अक्षरं निरनिराळ्या फाँटमध्ये घेऊन त्यांना किती शाई लागते हे त्याने संगणकावर मोजलं. तीच अक्षरं मोठी करून जाड कागदावर छापली, कापली आणि त्यांचं वजनही केलं. गॅरामाँड हा फाँट वापरला तर सुमारे २४ टक्के शाई वाचेल आणि त्याच्या भागातल्या शाळांचे वर्षाला २१ हजार डॉलर वाचतील, असं त्याने मांडलं.

पद्धत सुरेख होती, पण अक्षरांच्या जाणकारांनी तिच्यातली फट लगेच दाखवली. गॅरामाँडची अक्षरं त्याच पॉइंटला मुळातच लहान दिसतात. वाचायला तितकीच सोपी व्हावीत म्हणून ती मोठी केली की बचत बरीचशी विरून जाते. त्याआधी २०१० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे इथल्या शाखेने ई-मेलसाठी एरियलऐवजी सेंच्युरी गॉथिक हा फाँट घेतला होता. त्याच्या रेघा बारीक, त्यामुळे शाई कमी लागते. पण अक्षरं रुंद, त्यामुळे तोच मजकूर जास्त जागा घेतो आणि पान वाढू शकतं. शाई वाचवायला जावं आणि कागद खर्ची पडावा, असा हा प्रकार.

मराठीतही हे पडताळता येतं. एकच उतारा मंगल आणि कोकिळा या दोन फाँटमध्ये १४ पॉइंटला घ्यावा. कोकिळाची अक्षरं लगेच लहान दिसतात. ती मंगलच्या मापाला आणली की अक्षरांतला फरक फारसा उरत नाही. मंगलमध्ये दोन ओळींमधलं अंतर मात्र ऐसपैस असतं, आणि दोन-चार ओळींसाठी दुसरं पान उलटत असेल तर ते अंतर थोडं कमी केलं की काम भागतं. फाँट बदलून मिळणारी बचत किरकोळ असते. एक वायफळ पान टाळलं तर टोनर आणि कागद दोन्ही वाचतात, त्यामुळे मुलांनी डोकं तिथे चालवावं, हे बाईंचं म्हणणं पटण्याजोगं आहे.

पाठपोट छपाईने कागद निम्मा होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण या जुन्या यंत्रांत कागद आपोआप उलटत नाही, तो हाताने उलटावा लागतो, आणि मागची बाजू उलटी छापली जाऊन निम्मा प्रकल्प वाया गेल्याची उदाहरणं प्रत्येक शाळेत सापडतील. यावर उपाय एका कागदाचा. कोऱ्या कागदाच्या वरच्या बाजूला, पुढच्या कडेशी पेन्सिलीने फुली करायची, तो ट्रेमध्ये ठेवून एक पान छापायचं आणि फुली कुठे आली ते पाहायचं. छपाई फुलीच्या बाजूला आली की मागे, वरच्या कडेला आली की खालच्या, हे एकदा कळलं की गठ्ठा कसा उलटायचा ते ठरतं. बाईंनी तो नमुना प्रिंटरच्या झाकणावर चिकटवून टाकला. पावसाळ्यात हा खटाटोप जपूनच करावा. कोकणच्या हवेत उघडी राहिलेली रीम ओल धरते, तापलेल्या रुळांतून एकदा गेलेला असा कागद वळतो आणि दुसऱ्या फेरीत अडकतो. म्हणून रीमचं वेष्टन अर्धवट फाडून ठेवू नये, उरलेला कागद त्यातच गुंडाळून कपाटात ठेवावा.

एका बाजूने कोरे असलेले जुने कागद कच्च्या छपाईला चालतात, पण दोन अटींवर. स्टेपलची पिन राहिलेला किंवा दुमडलेला कागद आत गेला तर रुळाला ओरखडा पडतो आणि ती दुरुस्ती कित्येक रीमच्या किमतीची असते. आणि ज्यावर मुलांचे गुण, पत्ते किंवा आधार क्रमांक आहेत असा कागद पाठकोरा म्हणून वापरायचाच नाही, तो फाडून टाकायचा.

टोनर वाचवणारा फिकट छपाईचा पर्याय प्रिंटरच्या सेटिंगमध्ये असतो आणि तपासणीच्या कच्च्या प्रतीला तो पुरतो. छपाई पट्ट्यापट्ट्यांनी पुसट येऊ लागली तर कार्ट्रिज बाहेर काढून आडवं धरायचं, डावी-उजवीकडे पाच-सहा वेळा हलक्या हाताने हलवायचं आणि परत बसवायचं. तळाशी साचलेली पूड सारखी पसरते आणि आणखी काही पानं निघतात. प्रश्नपत्रिकेची मूळ प्रत मात्र गडदच काढावी. तिच्यावरून पुढे दीडशे झेरॉक्स निघणार असतात, आणि मूळ फिकट असली की झेरॉक्समध्ये पहिल्यांदा अनुस्वार आणि दशांशचिन्हं गायब होतात.