टाईल लागण्याआधी प्लंबरला पाठवायचा मेसेज

‘भाऊ, बाथरूममध्ये नळ, शॉवर, गिझर आणि ड्राय बाल्कनीत मशीनचा पॉइंट काढून ठेवा. उंची नेहमीचीच ठेवा.’ घराचं काम काढलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये अशा धाटणीचा मेसेज सापडेल. प्लंबर त्यावर ‘ओके सर’ म्हणतो आणि कामाला लागतो. घोळ होतो तो ‘नेहमीची’ या शब्दात. शॉवर सात फुटांवर हवा यावर दोघांचं एकमत असतं, पण ते सात फूट कुठून मोजायचे हे कोणीच बोललेलं नसतं.

प्लंबर भिंतीत झरी मारतो तेव्हा बाथरूममध्ये फरशी नसते. जुनी उखडलेली असते, खाली वॉटरप्रूफिंगचा कोबा असतो किंवा तोही व्हायचा असतो. त्या कोब्यावर टेप टेकवून सात फूट मोजले आणि नंतर वर दोन-अडीच इंचांचा माल आणि टाईल आली, तर शॉवर तेवढाच खाली येतो. शॉवरच्या बाबतीत हे कदाचित खपून जाईल. बादलीच्या नळाखाली मात्र दोन इंच कमी पडले की वीस लिटरची बादली तिरकी करून सरकवावी लागते. म्हणून मेसेजची पहिली ओळ कोणत्याही नळाची नसावी, मापाच्या पायाची असावी.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या जुन्या इमारतीचा सर्वांत वरचा मजला, सात बाय साडेचार फुटांचं बाथरूम, शेजारी ड्राय बाल्कनी. बाहेरच्या पॅसेजची फरशी आहे तशीच राहणार आहे. मग पाया तीच फरशी. तिच्यापासून बरोबर एक मीटर उंचीवर दाराच्या चौकटीशी खूण करायची आणि पाण्याच्या लेव्हल नळीने किंवा लेझरने ती खूण बाथरूमच्या चारही भिंतींवर फिरवायची. या रेषेला साइटवर मीटर लेव्हल म्हणतात. आता प्रत्येक पॉइंट या रेषेच्या किती वर किंवा किती खाली ते मोजता येतं, जमिनीवर मलबा पडलेला असला तरी. बाथरूमची फरशी पॅसेजपेक्षा साधारण इंचभर खाली असते आणि जाळीकडे उतार असल्याने पलीकडे आणखी थोडी खाली जाते, म्हणजे बादलीला मिळालीच तर जागा जास्तच मिळते.

आडव्या मापालाही हेच लागू आहे. ‘कोपऱ्यापासून सव्वादोन फूट’ म्हणजे उघड्या विटेपासून, प्लास्टरपासून की टाईलच्या तोंडापासून? बाजूच्या भिंतीवर माल आणि टाईल मिळून इंचभर जाडी सहज येते. सगळी मापं तयार टाईलपासून धरायची, एवढं एकदा लिहिलं की पुरतं.

तिसरं माप असतं भिंतीच्या आत. ते मेसेजमध्ये हमखास राहून जातं आणि सर्वांत महाग पडतं. शॉवरच्या डायव्हर्टरची पितळी बॉडी भिंतीत गाडायची असते. तिच्यावरच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर बहुधा दोन खुणा असतात, टाईलचं तोंड कमीत कमी कुठे आणि जास्तीत जास्त कुठे येऊ शकतं हे दाखवणाऱ्या. बॉडी यापेक्षा खोल गेली तर वरची मूठ बसत नाही आणि वेगळं एक्स्टेन्शन शोधत फिरावं लागतं. ती बाहेर राहिली तर स्टीलची चकती भिंतीला टेकत नाही आणि मागे फट दिसते. साध्या नळाच्या पॉइंटलाही पितळी एल्बोचं तोंड टाईलच्या तोंडाबरोबर यायला हवं. आत गेलं तर निपल जोडावं लागतं, म्हणजे गळण्याची आणखी एक जागा वाढते. उपाय सोपा आहे. बॉडी पक्की करण्याआधी टाईलचा एक तुकडा मालाच्या जाडीएवढा पुढे धरून पाहायचा. त्यासाठी टाईल आणि डायव्हर्टर दोन्ही आधी विकत आणलेले असावे लागतात. ‘फिटिंग नंतर घेऊ’ म्हणणाऱ्यांची गोची होते ती इथेच.

आता पाइपची जाडी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आपल्या उदाहरणात टाकीचा तळ गच्चीपासून पाच फूट वर आहे आणि मजल्याची उंची दहा फूट. म्हणजे टाकीचा तळ बाथरूमच्या फरशीपासून साधारण पंधरा फुटांवर आला. शॉवर सात फुटांवर, तेव्हा टाकी रिकामी होत आली असताना त्याच्या डोक्यावर उरतं जेमतेम आठ फूट पाणी. पाण्याच्या साधारण 33 फूट उंचीला एक बार दाब मिळतो. आठ फुटांना मिळतो पाव बार. मोठ्या ताटलीचा रेन शॉवर एवढ्यावर नुसता ठिबकतो, कारण त्याला बहुधा एक बारच्या आसपास दाब हवा असतो.

आधीच एवढासा असलेला दाब पाइपात वाया घालवायचा नाही, म्हणून जाडी महत्त्वाची. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपची आतली पोकळी साधारण साडेबारा मिलिमीटर असते, पाऊण इंचीची अठरा. तेवढंच पाणी अर्धा इंचीतून न्यायचं म्हटलं तर घर्षणात पाच-सहापट दाब जातो. त्यामुळे गच्चीवरून येणारी लाइन एक इंची, बाथरूममध्ये भिंतीतून फिरणारी पाऊण इंची, आणि अर्धा इंची फक्त शेवटच्या फूट-दोन फुटांत, प्रत्येक नळापाशी. ‘पाऊण इंची टाका’ एवढंच सांगितलं तर प्लंबर कधी उभी लाइन पाऊण टाकतो आणि आतली सगळी फिरवाफिरव अर्ध्यात करतो. शब्द पाळला जातो, पाणी मात्र येत नाही. कुठून कुठपर्यंत हे लिहावं.

मग सगळंच एक इंची का नको? गरम पाण्यामुळे. गिझर आणि शॉवर यांच्या मधल्या पाइपात पडून राहिलेलं पाणी गार झालेलं असतं आणि ते आधी सोडून द्यावं लागतं. पाऊण इंची पाइपात मीटरला सुमारे पाव लिटर पाणी मावतं. गिझर बाथरूममध्येच, शॉवरपासून तीन मीटरच्या लाइनवर असेल तर पाऊण-एक लिटर वाया जातं. तोच गिझर जागा वाचवायला ड्राय बाल्कनीत नेला आणि लाइन नऊ मीटर झाली, तर प्रत्येक आंघोळीआधी सव्वादोन लिटर. एक इंची पाइप असता तर आणखी जास्त. आणि गरम लाइनला सीपीव्हीसीच हवा. साधा पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो.

गिझरचे पॉइंट त्याच्या पोटामागे येऊ नयेत. मागे आले तर पाना घालायला जागा उरत नाही आणि पुढे कॉक बदलायचा झाला की अख्खा गिझर उतरवावा लागतो. उभ्या गिझरची तोंडं खालून असतात, म्हणून पॉइंट त्याच्या तळाच्या पाच-सहा इंच खाली घ्यावेत आणि लवचिक पाइपने जोडावेत. मग कोणत्याही कंपनीचा गिझर आणला तरी जुळतो.

वॉशिंग मशीनच्या बाबतीत लोक नळाचा विचार करतात, सांडपाण्याचा करत नाहीत. फ्रंट लोडिंग मशीन पंपाने पाणी बाहेर फेकतं आणि त्याच्या नळीचं तोंड दोन ते तीन फूट उंचीवर असावं लागतं. नळी जमिनीवर जाळीत सोडली तर सायफनने पाणी आपोआप वाहत राहतं. मशीन एकीकडून भरतंय, दुसरीकडून रिकामं होतंय, आणि पाणी भरण्याच्या पायरीवरच अडकलेलं. मेकॅनिक येतो, यंत्रात काहीच सापडत नाही. याउलट काही टॉप लोडिंग मशीनना पंप नसतो, त्यांना उतार लागतो आणि निचरा खालीच हवा असतो. मशीन कोणतं हे ठरल्याशिवाय हा पॉइंट काढता येत नाही. नळ मशीनच्या मागे न घेता वर किंवा बाजूला घ्यावा, नाहीतर तो मशीनला भिंतीपासून चार इंच पुढे ढकलतो. आपल्या वरच्या मजल्यावर साडेतीन फुटांवरच्या नळाला टाकी रिकामी असताना जेमतेम 0.35 बार दाब मिळेल. कंपनीच्या पुस्तिकेत किमान दाब लिहिलेला असतो, तो मशीन घेण्याआधीच पाहावा.

हे सगळं धरून उदाहरणातल्या घराचा मेसेज असा होईल:

‘भाऊ, सगळ्या उंच्या पॅसेजच्या तयार फरशीपासून. दाराशी 1 मीटरची खूण केली आहे, ती आधी चारही भिंतींवर फिरवा. आडवी मापं तयार टाईलपासून, माल आणि टाईल मिळून 1 इंच धरा.
गच्चीवरून एक इंची. बाथरूममध्ये गार आणि गरम दोन्ही लाइन पाऊण इंची (20 मिमी), फक्त शेवटचा तुकडा अर्धा इंची (15 मिमी). सगळं सीपीव्हीसी.
शॉवर 7 फूट. डायव्हर्टर 3 फूट 4 इंच. खालचा बादलीचा नळ 2 फूट. तिन्ही एका ओळंब्यात, खिडकीकडच्या कोपऱ्यापासून 2 फूट 3 इंच.
बेसिनचे अँगल कॉक 1 फूट 8 इंच, दोन्ही एका लेव्हलला.
गिझर दारावरच्या भिंतीला, तळ 6 फूट 6 इंच. पॉइंट 6 फूट, मध्ये 6 इंच अंतर.
सगळीकडे समोरून पाहताना गरम डावीकडे, गार उजवीकडे.
मशीन फ्रंट लोडिंग. नळ 3 फूट 6 इंच, मशीनच्या डाव्या बाजूला. सांडपाण्याचा दीड इंची उभा पाइप, तोंड 2 फूट 6 इंच.
डायव्हर्टर गाडण्याआधी मला बोलवा, टाईलचा तुकडा लावून बघू.’

ही मापं या घराची आहेत. घरात बसून आंघोळ करणारी आजी असेल तर बादलीचा नळ आणि डायव्हर्टर दोन्ही खाली येतील, सहा फुटी मुलगा असेल तर शॉवर वर जाईल. गिझरची जागा ठरली की तेच माप इलेक्ट्रिशियनलाही पाठवावं, त्याचा 16 अँपिअरचा पॉइंट पाण्याच्या पॉइंटच्या खाली येता कामा नये. आणि मेसेज लिहूनच पाठवावा. आवाजी निरोपातला ‘साडेतीन’ झरी मारणाऱ्या पोऱ्यापर्यंत पोहोचताना फुटांचा इंच होऊ शकतो. लिहिलेला मेसेज प्लंबर स्क्रीनवर उघडा ठेवून खडूने भिंतीवर उतरवून घेतो.

पाइप बसले की सगळी तोंडं प्लग लावून बंद करायची, गार आणि गरम लाइन तात्पुरत्या नळीने जोडायच्या आणि हातपंपाने दाब भरायचा. दाब किती ते पाइपच्या कंपनीच्या सूचनेप्रमाणे, आणि सांध्यांचं सोल्युशन पूर्ण वाळल्यावरच. दाबाचा काटा रात्रभर जागचा हलला नाही तर लाइन ठीक. उतरला तर प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवला की ओल सापडते. झरी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून, आकडे वाचता येतील असे फोटो काढून ठेवावेत. टॉवेलचा रॉड आणि आरसा लावायला ड्रिल घेऊन माणूस येईल, तेव्हा भोक कुठे पाडायचं नाही हे त्याला त्याच फोटोंत दाखवता येतं.