तीनास एक

2020 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशील्ड लशीची भारतातली चाचणी सुरू झाली. आराखड्यात सोळाशे स्वयंसेवक होते. त्यांपैकी बाराशे जण लशीची सुरक्षितता तपासण्यासाठी होते आणि त्यांची वाटणी तीनास एक अशी ठरली होती: 900 जणांना लस, 300 जणांना प्लासिबो, म्हणजे लस नसलेली सुई. निम्मे-निम्मे का नाही केले?

कारण साधे आहे. समजा, एखादा दुष्परिणाम दर तीनशे माणसांत एकाला होतो. 600 जणांना लस दिली, तर तो एकदा तरी दिसण्याची शक्यता सुमारे 86 टक्के असते. 900 जणांना दिली, तर ती 95 टक्क्यांवर जाते. जिथे नव्या लशीचा किंवा औषधाचा अनुभव गोळा करायचा असतो, तिथे झुकती वाटणी योग्यच ठरते. शिवाय नवे औषध मिळण्याची शक्यता जास्त असली की लोक चाचणीला लवकर तयार होतात.

पण हेतू दोन गटांची तुलना करण्याचा असेल, तर या झुकत्या वाटणीची किंमत मोजावी लागते. ती कुठून येते, हे शंभर माणसांवर बघू. गटाची सरासरी किती डळमळीत आहे, हे गटातल्या संख्येवर ठरते. संख्या दुप्पट झाली की संख्याशास्त्राच्या मापाने ही अनिश्चितता निम्मी होते. दोन सरासरींमधला फरक काढताना दोन्ही गटांची अनिश्चितता एकत्र येते, आणि तिची बेरीज होते. 50 आणि 50 अशी वाटणी असेल तर 1/50 अधिक 1/50, म्हणजे 0.04. 75 आणि 25 असेल तर 1/75 अधिक 1/25, म्हणजे सुमारे 0.053. यातले 0.04 तर त्या 25 जणांच्या गटाचेच आहेत! आधी दोन्ही गट मिळून जेवढे डळमळत होते, तेवढा आता छोटा गट एकटाच डळमळतो. मोठ्या गटात वाढलेली 25 माणसे ही तूट भरून काढू शकत नाहीत.

आता खरोखरीच्या आखणीसारखे एक उदाहरण घेऊ. रक्तदाबाचे नवे औषध जुन्यापेक्षा सरासरी 5 अंकांनी जास्त दाब उतरवते का, हे पाहायचे आहे. माणसामाणसांतला फरक दाखवणारे प्रमाण विचलन दोन्ही गटांत 10 आहे. नेहमीची 5 टक्क्यांची कसोटी लावली आणि खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, 80 टक्के ठेवली, तर समान वाटणीत दर गटात 63, एकूण 126 रुग्ण लागतात. दोनास एक केली तर 96 आणि 48, एकूण 144. तीनास एक केली तर 126 आणि 42, एकूण 168. म्हणजे पहिल्या पायरीला सुमारे साडेबारा टक्के जास्त माणसे लागतात (इथे पूर्णांक करताना थोडी वाढली), तर दुसरीला थेट एक तृतीयांश जास्त. चारास एक केली तर ही वाढ 56 टक्क्यांवर जाते. म्हणून दोनास एकपर्यंत मी फारशी कुरकूर करत नाही. त्यापुढे मात्र कारण विचारायलाच हवे.

सर्वांत जास्त होणारी चूक मला इथेच दिसते. समान वाटणीसाठी काढलेला 126 हा आकडा तसाच ठेवायचा, आणि रुग्ण तीनास एक वाटायचे. मग हाती 94 आणि 32 राहतात, आणि पॉवर 80 वरून सुमारे 68 टक्क्यांवर घसरते. औषध खरेच चांगले असले तरी तीनांतल्या एका वेळेस अशी चाचणी ‘फरक आढळला नाही’ असे सांगेल. रुग्णांनी महिनोन्‌महिने दिलेला वेळ त्यात वाया जातो, याचे मला फार वाईट वाटते. शोधनिबंध वाचताना हे पकडता येते: नमुनासंख्येच्या परिच्छेदात वाटणीचे प्रमाण दिले आहे का, आणि छोट्या गटाचा आकडा त्याच प्रमाणातून निघतो का, ते पाहावे.

एका ठिकाणी मात्र झुकत्या वाटणीला पर्याय नसतो. आजार दुर्मीळ असतो आणि रुग्ण मिळतील तेवढेच असतात. निरोगी माणसे हवी तेवढी मिळतात. समान वाटणीत 100 रुग्ण आणि 100 निरोगी लागत असतील, तर प्रत्येक रुग्णामागे दोन निरोगी घेतल्यावर 75 रुग्ण पुरतात आणि चार घेतल्यावर सुमारे 63. पाच घेतले तरी आकडा 60 वरच येतो, आणि कितीही निरोगी माणसे जोडली तरी 50 च्या खाली जात नाही. त्यामुळे अशा अभ्यासांत बहुतेक जण चारांपाशी थांबतात.