मार्चअखेरच्या वह्या

कल्पना करा, तालुक्याच्या गावी शाळेसमोर एका गृहस्थांनी एक एप्रिलला वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं. वर्षभर खिशातल्या डायरीत आलेगेले पैसे टिपले. ३१ मार्चला बेरीज केली, तर विक्री ६,४०,००० रुपये आणि खर्च बराच जास्त. माल ६,००,०००, भिंतीच्या मापाची लाकडी कपाटं ९०,०००, भाडं ७५,०००, विजेचं बिल १६,५००. म्हणजे १,४१,५०० रुपये कमी पडले, ते घरातून घातलेले. बायको म्हणाली, गुंडाळा आता.

डायरीतला एकही आकडा खोटा नाही. पण डायरी पैसा कधी हलला ते सांगते, नफा किती झाला ते नाही.

नफा काढायचा तर वर्षाच्या विक्रीसमोर तीच विक्री मिळवण्यासाठी झालेला खर्च ठेवावा लागतो. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला ही ‘जुळणी संकल्पना’ म्हणून शिकवतात. आता दुकानात पाहा. जूनच्या हंगामासाठी मार्चमध्ये घेतलेल्या १,२०,००० च्या वह्या अजून गठ्ठ्यांत बांधलेल्या आहेत. त्या विकल्या जातील पुढच्या वर्षी, तेव्हा त्यांचा खर्चही पुढच्या वर्षाचा. भाडं महिना ५,०००. मालकाने आग्रह धरला म्हणून पुढच्या तीन महिन्यांचं आधीच दिलं. या वर्षाचं भाडं ६०,०००च. उलट मार्चचं १,५०० रुपयांचं वीजबिल अजून भरलेलं नाही, पण दिवे मार्चमध्ये जळले. ते याच वर्षात धरायचं. कपाटं दहा वर्षं टिकतील असं धरलं, तर यंदाच्या वाट्याला ९,००० घसारा येतो.

उरल्या गाइडं. ३०,००० ला घेतलेला गठ्ठा पडून आहे आणि जूनपासून अभ्यासक्रम बदलतोय. वितरक परत घेत नाही. रद्दीवाला सगळ्याचे २,००० देईल. इथे सावधगिरीचा संकेत येतो: शिल्लक माल खरेदीच्या किमतीला किंवा विकून हाती पडेल त्या किमतीला, यांतल्या कमी किमतीला मांडायचा. म्हणून गाइडांची किंमत २,००० लिहायची आणि २८,००० चा तोटा आजच सोसायचा, रद्दीवाला दारात आलेला नसला तरी. वह्यांचे जूनमध्ये १,५०,००० येणार हे जवळजवळ नक्की. तरी त्या मांडायच्या १,२०,००० लाच. तोटा दिसला की धरायचा, नफा मात्र विक्री होईपर्यंत थांबवायचा. हा उघड पक्षपात आहे, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे, कारण आपल्या मालाबद्दल दुकानदार जन्मजात आशावादी असतो.

तर शिल्लक माल १,२२,०००. विकलेल्या मालाची किंमत ४,७८,०००, ढोबळ नफा १,६२,०००. त्यातून भाडं ६०,०००, वीज १८,००० आणि घसारा ९,००० वजा केले की निव्वळ नफा ७५,००० रुपये. गुंडाळायचं काही कारण नाही.

या सावधगिरीचा अतिरेकही होतो, आणि तो ओळखणं जास्त अवघड. ‘असू दे बाजूला’ म्हणून कोणी चांगल्या वह्याही निम्म्या किमतीला मांडल्या, तर यंदाचा नफा १५,००० दिसेल आणि पुढच्या वर्षी त्याच वह्या विकल्यावर ६०,००० जास्तीचे उगवतील. दुकानदार हुशार झालेला नसतो, नफा फक्त एका वर्षातून दुसऱ्यात सरकवलेला असतो. एक वर्ष उगाच पडलेलं आणि पुढचं उगाच फुगलेलं दिसलं, की आधी अखेरच्या मालाची यादी मागवावी.

आता या हिशेबाच्या मुळाशी असलेलं गृहीतक. कपाटं आज बाजारात नेली तर १२,००० सुद्धा मुश्किलीने येतील. दुसऱ्याच्या भिंतीला ती बसणारच नाहीत. तरी पुस्तकात ती ८१,००० ला उभी आहेत. का? तर दुकान पुढे चालणार आहे, कपाटं विकायची नसून वापरायची आहेत. हीच व्यवसाय-सातत्याची संकल्पना. घसारा दहा वर्षांत वाटणं आणि वह्या जूनसाठी राखणं, दोन्ही तिच्याच भरवशावर चालतं.

पण समजा घरमालकाची जागा सोडायची नोटीस आली आणि एप्रिलअखेर दुकान बंदच करायचं ठरलं. मग कपाटांचे ८१,००० धरून चालणार नाही. ती १२,००० वर आणायची, की ७५,००० चा नफा तिथेच ६,००० वर येतो. वह्याही जूनची वाट पाहू शकत नाहीत. घाईने मिळेल त्या भावात काढाव्या लागल्या तर उरलेलेही जातील.

भारताच्या पहिल्या लेखा मानकानुसार व्यवसाय चालू राहणार हे गृहीत धरलं असेल तर तसं वेगळं सांगावं लागत नाही. ते सोडलं असेल, तर मात्र स्पष्ट लिहावंच लागतं. म्हणून कुठल्याही कंपनीचा ताळेबंद हाती आला, तर नफ्याच्या आकड्याआधी मागच्या पानांवरच्या टिपा उघडा.